बसायचं माप

बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा. आत माझा नवरा, बाहेर मी. दाराला कडी लावायची नाही असा आमचा करार झालेला. आतून आधी खोकल्याचा आवाज येतो, मग नळाचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. त्या काहीच नसण्यात माझा जीव अर्धा होतो.

"अहो, झालं का?"

मी दार हळूच वाजवायचं.

"येऊ का?"

"ये," असं आतून येतं, पण इतकं हळू, की उसनं काहीतरी मागतोय जणू. मग मी आत जायचं, काखेत हात घालायचे, एक-दोन-तीन म्हणायचं आणि ओढायचं. गुडघे वाकत नाहीत त्यांचे. चाळीस वर्षं शिलाई मशीनची पायपट्टी हलवली, आता दोन्ही गुडघे गंज चढलेल्या बिजागरीसारखे झालेत. खाली कसेबसे टेकतात, पण उठताना पायांत जोरच येत नाही. आणि ओढताना माझ्या उजव्या खांद्यात कट्कन वाजतं. ते मी त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनी ऐकलं नसेल, असंही नाही.

हे सगळं एरवी चाललं असतं. संसारात काय काय ओढलं, त्यात हे एक. पण रविवारची बस होती माझी. लेकीचं पहिलं बाळंतपण, आठ तासांवरच्या शहरात. जावई पाळीवर जाणारा, एक आठवडा दिवसपाळी तर एक आठवडा रात्रपाळी. सासूबाई तिला नाहीत. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख दोन आठवड्यांवर होती, पण तारखा पोटातल्या बाळाला कुठे वाचता येतात! लेक रोज फोन करायची आणि रोज एकच विचारायची, "आई, तू येशील ना?" मी म्हणायची, "येणार म्हणजे येणारच." मी गेले तर इथे ह्यांना उठवणार कोण?

"तू जा. माझं मी बघेन," हे म्हणायचे. काय बघणार, कपाळ!

बुधवारी मी म्हटलं, आता पुरे. सर्जिकलच्या दुकानात कमोडवर बसवायच्या उंच सीट मिळतात, असं आमच्या व्यायामाच्या बाईंनी केव्हाच सांगितलं होतं. उंचावरून उठायला गुडघा कमी वाकवावा लागतो, साधी गोष्ट. स्टुलावरून उठणं आणि पाटावरून उठणं, ह्यात जो फरक, तोच.

"माप घेऊन जा," बाई म्हणाल्या होत्या. "उंची चुकली तर उपयोग नाही."

आता माप म्हटल्यावर आमचे मास्तर ताठ झाले. अख्खा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. माणूस दुकानाच्या पायरीवर चढेपर्यंत ह्यांनी नजरेनेच त्याची कंबर सांगितलेली असायची. मी काज-बटण करायची, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, ऐकीव नाही. त्यांचं माप दुसरं कोण घेणार? स्वतःचे कपडेसुद्धा स्वतःच बेतायचे. मी टेप पुढे केली तर माझ्या हातातून ओढून घेतली.

"तू जा तिकडे. मला कळतं."

खोलीत दार लोटून बसले आणि दहा मिनिटांनी चिठ्ठी बाहेर आली. त्यावर वळणदार आकडा, वीस. खाली दोन रेघा. पूर्वी गिऱ्हाइकाच्या पावतीवर मारायचे तशा.

दुकानातल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि चिठ्ठीकडे बघितलं. "वीस इंच? काकू, काका किती उंच आहेत?"

"माझ्याहून चार बोटं."

"मग वीस कसं? माप कुठून कुठे घेतलं? पायात चप्पल होती का?"

"हे बघा, चाळीस वर्षं मापं घेतलेला माणूस आहे तो."

"बरं. कमोडचं भांडं गोल आहे की लांबट? जमिनीपासून कड किती उंच आहे?"

कड मी मोजून आणली होती, चौदा इंच, वरची प्लास्टिकची सीट उचलून. पण भांडं गोल की लांबट, हे कोण बघतं हो? त्यावर बसायचं की त्याची पत्रिका काढायची? माझ्या डोक्यात बस, बॅग, लेकीचे कपडे, सगळं भिरभिरत होतं. म्हटलं, "गोलच असेल." आणि बाईंनी सहा इंचांची सीट काढून दिली. पांढरी, जाड, पुढच्या बाजूला पकड घट्ट करायला एक मोठा फिरवायचा स्क्रू. चौदा आणि सहा वीस. देताना म्हणाल्या, "बसून बघा. पाय पूर्ण टेकले पाहिजेत. आणि हलली तर वापरू नका, परत आणा. मी बदलून देईन." मी ऐकलं आणि ह्या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. ही चूक माझी. ती मी कबूल करते, म्हणजे पुढे ह्यांच्या चुकीवर बोलायला मी मोकळी.

सीट त्यांनी स्वतः बसवली. स्क्रू पिळला, हात झटकले, मला बाहेर काढलं. पाचव्या मिनिटाला बाहेर आले.

"कशी आहे?"

"एकदम मस्त. राजाचं सिंहासन. तू बॅग भर."

मी बॅग भरली. खरं सांगते, इतकं हलकं वाटलं की गाणं गुणगुणले. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. हे आत जायचे, दोन मिनिटांत बाहेर यायचे. मला एकदाही हाक नाही. लेकीला फोन करून सांगितलं, तुझे बाबा आता स्वतंत्र झाले. ती हसली. पण मला काही केल्या चैन पडेना. कपडे घड्या करायची आणि पुन्हा उलगडायची. काहीतरी खटकत होतं आणि हाताला लागत नव्हतं.

शनिवारी सकाळी हाताला लागलं. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायला गेले, तर माती आधीच ओली. आणि वास चहाचा. मी तशीच वळले. ताटावर झाकण घालून ठेवलेलं कालचं जेवण बघितलं, भात चिवडलेला, खाल्लेला नाही. उशाशी पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला, परवा मीच भरून ठेवला होता तो. ओठ बघितले त्यांचे. सुकून पापुद्रे निघाले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, तुम्ही दोन दिवस खातपीत नाही?"

"भूक नाही."

"तहानपण नाही? खरं बोला. त्या सीटवर बसलात का एकदा तरी?"

ते सदऱ्याची शिवण चाचपत बसले.

"पोटात काही नसलं की जावं लागत नाही," शेवटी म्हणाले, खाली बघून. "आठ-पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. तू जाऊन ये. मी थोडंथोडं..."

"थोडंथोडं काय? मराल! लेकीला सुवेर संपायच्या आत सुतक घालाल!" तोंडातून निघून गेलं आणि मग मी मटकन खाली बसले. रडले. रागाने रडले की कशाने, ते मला आजही सांगता येणार नाही. लाज वाटली हो मला. मी गाणं गुणगुणत होते आणि हा माणूस माझी बॅग भरली जावी म्हणून उपाशी बसला होता.

डोळे पुसले आणि त्यांना बाथरूममध्ये नेलं. "बसा. माझ्यासमोर. कपड्यांसकट."

बसले. म्हणजे काय, चढले. मला तेव्हा दिसलं. पायांच्या फक्त चवड्यांना जमीन लागत होती, टाचा हवेत. तराजूत ठेवल्यासारखे डुलत होते. नाकापेक्षा मोती जड. तोल सावरायला डावीकडच्या बेसिनवर हात टाकला, आणि ती सीट कर्रकन आवाज करत एका बाजूला सरकली. मी कवटाळलं म्हणून बरं. बेसिन भिंतीत ज्या दोन खिळ्यांवर लटकलंय, ते मला माहीत आहे. ते माणसाचं वजन पेलणारं नव्हे.

"पहिल्या दिवशीच सरकली होती," ते म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, टेप आणली आणि पायाशी बसले. "आता हलायचं नाही. माप मी घेणार."

"तुला कुठे..."

"तुम्हीच शिकवणीला आलेल्या पोरांना ओरडायचात ना, स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, वाकलं की माप बदलतं? मग? दिव्याखाली अंधार?"

त्यांनी पाय पुढे केला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्या माणसाच्या अंगाला टेप लावण्याची माझी पहिलीच वेळ. बाथरूममध्ये घालतात ती रबरी चप्पल पायात चढवली. दुकानात फोन लावून शेजारी ठेवला आणि बाई तिकडून सांगतील तसं केलं. पाऊल पूर्ण टेकलेलं. टेपचं टोक जमिनीला. आणि वर कुठपर्यंत? गुडघ्याच्या मागे जिथे घडी पडते तिथपर्यंत.

"मागे?" मास्तर दचकले. "मी वाटीपर्यंत घेतलं."

"पुढून?" मी विचारलं.

"पँटीचा गुडघा पुढूनच धरतात."

"बरोबर. आणि वाटीपर्यंत किती आलं?"

"अठरा."

"मग वीस कसे लिहिले?"

ह्यावर मात्र ते चक्क लाजले. "दोन इंच दाबात ठेवले. कापड कमी पडलं तर जोड दिसतो. जास्त असलं तर आत घेता येतं."

फोनमधून बाईंचं हसू ऐकू आलं. मलाही हसू फुटलं, डोळे ओले असताना. अहो, कमोडला कसला दाब ठेवता! सीट काय धुतल्यावर आटणार आहे? मागच्या घडीपर्यंत माप निघालं साडेसोळा. बाई म्हणाल्या, गुडघे आखडलेले आहेत तर त्याहून इंच-दीड इंच उंच बरं, म्हणजे बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा जराशी वर राहते आणि उठायला सोपं जातं. पण त्याहून जास्त नको, टाचा सुटल्या की जोर लावायला जमीनच उरत नाही. अठरा पुरे. "आणि आता भांडं नीट बघा," असंही म्हणाल्या. बघितलं. चांगलं लांबट, अंड्यासारखं. गोल भांड्याच्या सीटची पकड त्याच्यावर बसणार कशी? माझंही माप निघालं एकदाचं.

दुपारी बाई स्वतःच त्या सीटच्या बदली एक फ्रेम घेऊन आल्या. दुकान शेजारणीवर सोपवून आल्या, हे त्यांचे उपकार. ही फ्रेम म्हणजे चार पायांची खुर्चीच, दोन्ही बाजूंना हात, मधे भोक असलेली सीट आणि त्याखाली बिनबुडाच्या डब्यासारखा घेर, शिंतोडे उडू नयेत म्हणून. कमोडचं झाकण आणि आपली सीट वर करायची आणि फ्रेम भांड्यावरून मागे सरकवून उभी करायची. "ही भांड्याला धरून राहत नाही," बाई म्हणाल्या, "सगळं वजन चार पायांवरून जमिनीत जातं. त्यामुळे भांडं गोल असो, लांबट असो. आणि उठताना दोन्ही हातांवर जोर देता येतो. त्या आधीच्या सीटला हात असते तरी एका हातावर जोर दिला की ती कलंडली असती."

पायांना ओळीने छिद्रं होती, एकेका इंचावर, आणि आत स्प्रिंगची गुंडी. गुंडी दाबायची, पाय सरकवायचा, टक् आवाज आला की गुंडी छिद्रातून पूर्ण बाहेर आली का ते बोटाने चाचपायचं. बाईंनी चारही पाय सारख्या छिद्रात लावले, सीट अठरावर आणली, फ्रेम जागेवर ठेवली, वरून दाबली. आणि ती एका बाजूला कलली.

हीपण?

"जमीन उताराची आहे," मास्तर दारातून म्हणाले. आमचा गवंडी थोर. पाणी मोरीकडे जावं म्हणून त्याने एवढा उतार दिलाय की हातातून सुटलेला साबण मोरीपाशीच सापडतो. मास्तरांनी एक डोळा मिटला आणि फ्रेमकडे बघितलं, पूर्वी पँटीची मोहरी बघायचे तसं. "मोरीकडचे दोन्ही पाय आखूड पडतायत. इंचभर."

बाईंनी टेप लावली. इंचभरच. मोरीकडचे दोन्ही पाय एकेक छिद्र लांब केले. पुन्हा चारी कोपऱ्यांवर दाबून बघितलं, हात धरून हलवून बघितलं. जागची हलली नाही. पायांच्या रबरी टोप्या उलट्या करून बघितल्या, चिरलेल्या नाहीत ना. ओल्या फरशीवर त्याच धरतात, म्हणाल्या, झिजल्या की लगेच बदलायच्या. मी सगळं ऐकलं. ह्या वेळी दोन्ही कानांनी.

"नजर शाबूत आहे काकांची," बाई म्हणाल्या. मास्तरांची दोन दिवसांत पहिल्यांदा मान वर झाली.

मग बाईंनी शिकवलं. उलटं चालत मागे यायचं, पोटऱ्यांना सीट लागेपर्यंत. दोन्ही हात मागे नेऊन फ्रेमचे हात धरायचे. जास्त दुखतो तो पाय जरा पुढे, आणि हळूच टेकायचं. उठताना पुढच्या कडेला सरकायचं, पावलं जमतील तेवढी मागे घ्यायची, पुढे झुकायचं आणि हातांनी फ्रेम खाली दाबायची. बेसिन नाही, टॉवेलची दांडी नाही, आणि बायको तर नाहीच. आम्हा दोघींसमोर कपड्यांसकट दोनदा झालं. टाचा जमिनीवर. फ्रेम गप्प.

बाई गेल्या. मी ह्यांच्यासमोर ताटभर भात ठेवला, वर पातळ ताक. जेवले. पाणी मात्र अर्धाच पेला. थोड्या वेळाने उठले, म्हणाले, "जाऊन येतो." आणि बाथरूमचं दार लोटलं.

मी बाहेर. पुन्हा तेच. खोकला. नळ. मग काहीच नाही. माझे हात आपोआप दाराकडे जायचे, मी मागे घ्यायची. हाक मारू? नको. मारू? उजवा खांदा नुसत्या विचारानेच दुखायला लागला. आणि तेवढ्यात फोन.

लेक होती. आवाज बदललेला. "आई, कळा येतायत. सकाळपासून. मला वाटलं खोट्या आहेत. आता दर दहा मिनिटांनी. आम्ही निघालोय दवाखान्यात. तू उद्या येणार होतीस ना..."

"आज येते. आत्ताच्या बसने येते."

"आणि बाबा?" ती रडत होती. "बाबांना कोण उठवणार? तू नको येऊस, आई. ते पडले तर मी..."

डोळे दाराकडे, कान फोनला. पोरीला काय सांगू? सगळं ठीक आहे, असं आधी एकदा सांगून बसले होते. पुन्हा तेच कोणत्या तोंडाने सांगू? मी खिडकीकडे तोंड फिरवलं, म्हणजे दाराकडे बघायला नको. "अगं, ऐक," एवढंच म्हणत राहिले, "अगं, ऐक ना."

मागून एक हात आला आणि त्याने माझ्या कानाचा फोन काढून घेतला.

मी वळले. मास्तर उभे होते. पायजम्याची नाडी बांधलेली, हात धुतलेले, ओले. मी ओढलं नव्हतं. कोणीच ओढलं नव्हतं.

"बाळा," ते फोनमध्ये म्हणाले, "मी उठलोय. माझा मी. तुझी आई निघतेय."

फोन माझ्या हातात परत दिला आणि भिंतीला हात लावत लावत उशाशी गेले. परवापासून भरलेला तो तांब्या उचलला, तिथेच उभ्याने तोंडाला लावला आणि घटाघट पिऊन टाकला. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं तरी थांबले नाहीत. मग रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"निघायच्या आधी हा तेवढा भरून ठेव," म्हणाले.